खूपदा अपयश आल्यावर अखेर निवड झाली, कॅप्शन कशी लिहू?

रेवती_स

नमस्कार मंडळी. काल स्पर्धा परीक्षेचा अंतिम निकाल लागला आणि यादीत माझं नाव आहे. यासाठी बरीच वर्षं गेली. सुरुवातीला पूर्वपरीक्षेतच अडकत होते. पूर्व निघायला लागली तेव्हा मुख्य परीक्षेत गुण कमी पडायचे. गेल्या खेपेला तर मुलाखत देऊनही यादीबाहेर राहिले. परीक्षा कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण अडचण परीक्षेची नाही, कॅप्शनची आहे.

इन्स्टाग्रामसाठी फोटो दोन ठरवलेत, एक घरच्यांबरोबरचा आणि दुसरा यादीचा स्क्रीनशॉट. काल रात्री लिहिलेली कॅप्शन अशी:

> अखेर स्वप्न साकार झालं! कितीही अपयश आलं तरी खचले नाही, हार मानली नाही, म्हणूनच आजचा दिवस दिसला. जिद्द आणि मेहनत असेल तर अशक्य काहीच नाही. हे यश माझे आई-बाबा, दादा, सर्व गुरुजन आणि मित्रमैत्रिणींना समर्पित. देवाची कृपा!

यात खोटं काही नाही, तरी ते माझं वाटत नाही. शिवाय माझ्याबरोबर अभ्यास करणारी जिवलग मैत्रीण यंदा यादीत नाही. मुख्य परीक्षेची उत्तरं आम्ही एकमेकींना तपासायला द्यायचो. ही पोस्ट ती वाचणार. तिच्या जागी बसून वाचायला गेलं की ‘हार मानली नाही’ या शब्दांपाशी अडखळायला होतं. आभार मनापासून मानायचे आहेत आणि मोठेपणाचा वासही नको आहे. काय बदलू?

---

शुभदा_मावशी

रेवती, खूप खूप अभिनंदन! आधी तो आनंद घरच्यांबरोबर नीट साजरा कर. कॅप्शन दोन दिवसांनी टाकलीस तरी चालेल, निकाल कुठे जात नाही.

---

पूर्वरंग

मनापासून अभिनंदन. मी अभ्यासिकेत मुलांची उत्तरं तपासतो, त्यामुळे निकालाच्या दिवशी अशा पोस्टी ढिगाने वाचनात येतात. तुमच्या मसुद्याची अडचण मला उद्धटपणाची वाटत नाही. रेवतीच्या जागी दुसरं कुणाचंही नाव घातलं तरी ही कॅप्शन तशीच्या तशी चालेल, खरी अडचण ती आहे. म्हणूनच ती तुम्हाला परकी वाटते.

‘आई-बाबा, दादा, गुरुजन, मित्रमैत्रिणी’ या ओळीत सगळे आले आणि कुणीच आलं नाही. वाचताना तुमच्या दादाला त्यात स्वतःचं काही सापडेल का? आभार खरे वाटतात ते कुणी नेमकं काय केलं हे लिहिल्यावर. दादाने काय केलं? सरांनी काय केलं? प्रत्येकासाठी एकच गोष्ट लिहा, पण ती त्याच माणसाची असू द्या. नम्रपणा त्यातूनच येतो. ‘मी नम्र आहे’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं अपयशाबद्दल. ‘कितीही अपयश आलं’ हे धूसर आहे. तुम्ही आम्हाला मात्र पूर्व, मुख्य, मुलाखत असं स्वच्छ सांगितलंत. तीच वाक्यं कॅप्शनमध्ये का नाहीत? परीक्षा देणारा माणूस ती वाचून ओळखतो की ही तिन्ही दारांवरून परत आलेली आहे. त्यासाठी विशेषणं लागत नाहीत.

आणि पहिली ओळ. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत जाते, पण स्क्रोल करणाऱ्याला सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. तुमच्या पहिल्या दोन ओळींत सध्या ‘स्वप्न साकार’ आणि ‘हार मानली नाही’ आहे. म्हणजे जे तुम्हालाच खटकतंय तेवढंच लोकांना दिसणार, आणि आभार मागे दडणार.

---

सदानंद_काका

अभिनंदन बेटा. मला वाटतं एवढा विचार करायची गरज नाही. नम्र राहायचं असेल तर सगळं श्रेय देवाला आणि नशिबाला द्यावं. ‘मी काहीच केलं नाही, सगळी त्याची कृपा’ एवढं लिहिलं की कुणी नाव ठेवत नाही. आमच्या वेळी असंच लिहायचे.

---

पूर्वरंग

काका, श्रद्धा असेल तर कृपेची ओळ जरूर असावी, ती मनाची गोष्ट आहे. नशिबाचा भागही खरा आहे. कट-ऑफच्या आसपास अर्ध्या-एका गुणात कितीतरी मुलं असतात, आणि तिथे एखादा प्रश्न ओळखीचा निघाला किंवा नाही यावर बरंच ठरतं. ते लिहिणं प्रामाणिकपणाचंच आहे.

पण ‘मी काहीच केलं नाही’ हे पटत नाही. एक तर ते खरं नाही. दुसरं, ज्यांनी वर्षानुवर्षं हिची उत्तरं तपासली त्यांचं कामही त्या वाक्यात वाहून जातं. तुमचं निम्मं बरोबर आहे, नशिबाला जागा द्यावी. सगळी जागा देऊ नये.

---

मनवा

मी यादीत नसलेल्या बाजूने लिहिते, कारण इथे बहुतेक जण निवड झालेल्याच्या बाजूने बघतायत.

माझ्या गटातल्या दोघांची निवड झाली त्या वर्षी मी मुख्य परीक्षेत राहिले. दोघांच्याही पोस्टी मी वाचल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकाने लिहिलं होतं, ‘ज्यांनी मधेच सोडलं त्यांना हे कळणार नाही.’ मी सोडलं नव्हतं, पण गटातल्या एका मुलीने त्याच वर्षी सोडलं होतं. वडील आजारी पडले आणि घर तिच्यावर आलं. ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं हे मला माहीत आहे. तिला लागायचं ते लागलंच.

‘हार मानली नाही म्हणून निवड झाली’ या वाक्यात हाच काटा आहे. त्यावरून वाटतं की ज्यांची झाली नाही त्यांनी हार मानली. रेवतीच्या मैत्रिणीने तरी कुठे मानली? ती त्याच खोलीत, तेवढेच तास बसली होती. ‘म्हणूनच’ हा शब्द काढला तरी निम्मा काटा निघतो.

दुसऱ्याने वेगळं केलं. पोस्ट टाकण्याआधी मला फोन केला. म्हणाला, ‘यादी आली, माझं नाव आहे, तुझं नाही हे मी पाहिलं. आज काही बोलत नाही, पण तुला बाहेरून कळायला नको होतं.’ फोन मिनिटभरही चालला नसेल. त्यानंतर त्याची पोस्ट वाचताना त्रास झाला नाही. रडले, पण ते माझ्या निकालासाठी.

आणि एक विनंती. ‘पुढच्या वेळी तुझाच नंबर’ असं जाहीरपणे लिहू नकोस. पुढची वेळ घ्यायची की नाही हे तिने अजून ठरवलेलंही नसेल, आणि चार लोक तिच्याकडे येऊन ‘मग कधी?’ विचारायला लागतील.

---

जिज्ञासू_राही

ताई अभिनंदन!! माझी यंदा पूर्व झाली आहे. मुख्यसाठी कोणती पुस्तकं वापरलीत? आणि नोट्स हाताने काढल्या की टाइप केल्या? प्लीज सविस्तर सांगा.

---

रेवती_स

@राही, पूर्व निघाल्याबद्दल तुमचंही अभिनंदन. पुस्तकांवर वेगळा धागा काढते, इथे लिहिलं तर दोन्ही विषय अर्धवट राहतील.

@मनवा, तुझं लिहिणं तीनदा वाचलं. मैत्रिणीला अजून फोन केलेला नाही. निकाल तिने पाहिला आहे, मेसेजमध्ये फक्त ‘खूप आनंद झाला’ एवढं आलं. आज करते.

@पूर्वरंग, तुमच्या प्रश्नांची उत्तरं काढायला बसले आणि पान भरलं. आईने इतक्या वर्षांत एकदाही ‘निकाल कधी?’ विचारलं नाही. नातेवाइकांनी विचारलं की तीच मधे पडून विषय बदलायची. दादाने बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मुख्य परीक्षेच्या काळात एकट्याने केल्या आणि मला पेपर संपल्यावर सांगितलं. सरांनी माझ्या उत्तरांचा पहिला परिच्छेद दर वेळी लाल पेनाने खोडला. म्हणायचे, ‘विचारलंय त्याचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात सुरू होतं, मग पहिला कशाला?’ माझी सवय अशी होती की प्रश्नात ‘टीकात्मक परीक्षण करा’ असलं तरी मी आधी विषयाची ओळख करून द्यायचे. दीडशे शब्दांतले चाळीस त्यातच जायचे. ते सुटलं आणि मुख्यचे गुण हलले.

---

पूर्वरंग

हे बघा, कॅप्शन तुमच्या या उत्तरातच आहे. लाल पेनाची ओळ अजिबात सोडू नका. त्यात सरांचे आभारही आले, अपयशाचं कारणही आलं, आणि वाचणाऱ्या परीक्षार्थ्याला उचलून नेण्यासारखं काहीतरी मिळालं. ‘कठोर मेहनत’ वाचून त्याच्या हाती काही लागत नाही. पहिला परिच्छेद खोडायचा हे वाचून तो आज रात्री स्वतःची उत्तरवही उघडून बघेल.

दादाचं मात्र त्याला विचारून लिहा. घरातल्या आजारपणाचा उल्लेख कॅप्शनमध्ये आला की काका-मावश्यांचे फोन सुरू होतात. ‘घरची धावपळ एकट्याने उचलली’ एवढं पुरे होईल, त्याला कळेल.

---

निशांत_व

अभिनंदन. मी जरा कोरडा मुद्दा मांडतो, पण महत्त्वाचा आहे. तुम्ही ‘अंतिम निकाल’ म्हणताय, तर यादीवर वर काय छापलंय ते पुन्हा वाचा. गुणवत्ता यादी, तात्पुरती निवड यादी, अंतिम शिफारस या वेगळ्या गोष्टी आहेत. अंतिम शिफारस झाली तरी कागदपत्रांची पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी यायची असते, आणि नियुक्ती सरकार देतं, परीक्षा घेणारी संस्था नाही. यूपीएससीच्या निकालात तर काही उमेदवारांची उमेदवारी तात्पुरती आहे असं सोबतच नमूद असतं. रँक आली म्हणून कोणती सेवा मिळणार हेही त्याच दिवशी ठरत नाही.

म्हणून नावापुढे पद लावू नका, ‘अधिकारी झाले’ असंही लिहू नका. ‘निवड यादीत नाव आलं’ किंवा ‘शिफारस झाली’ लिहा, जे यादीवर असेल ते. पुढे कुठे अडलं तर लोकांना उत्तरं देत बसावं लागत नाही. योगायोगाने हीच भाषा जास्त नम्रही वाटते.

आता स्क्रीनशॉट. त्यात तुमच्या वरच्या-खालच्या दहा-बारा जणांची नावं आणि बैठक क्रमांक आहेत. यादी जाहीर असली तरी तुमच्या पोस्टीत त्यांचं काय काम? तुमचा बैठक क्रमांकही झाका. अनेक संकेतस्थळांवर बैठक क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की गुणपत्रक उघडतं, आणि जन्मतारीख तुमच्या जुन्या वाढदिवसाच्या पोस्टींत सापडेलच. हॉल तिकीट किंवा गुणपत्रकाचा फोटो टाकणार असाल तर क्यूआर कोडसुद्धा झाका. फोनच्या हायलायटरने झाकू नका. तो थोडा पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात. सरळ कापून टाका.

---

रेवती_स

यादीवर ‘तात्पुरती’ असंच आहे. काल आनंदात तिकडे लक्षच गेलं नाही कुणाचं. स्क्रीनशॉट काढून टाकते, घरच्यांचा फोटो पुरे.

---

तिसरा_मजला

क्लासबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी निवडीनंतर पोस्टीत एका क्लासचं नाव घेऊन ‘मार्गदर्शनाबद्दल ऋणी’ असं लिहिलं होतं. तिथे मी फक्त मुलाखतीचा सराव केला होता, तोही थोडेच दिवस. आठवड्यात माझा फोटो त्यांच्या जाहिरातीत आला, ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून. बघणाऱ्याला वाटणार की सगळी तयारी तिथेच झाली. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता यावर नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवाराचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही चालत नाही. उमेदवाराने कोणता कोर्स केला होता आणि किती काळाचा, हेही जाहिरातीत सांगावं लागतं.

म्हणून आभार मानताना कामाचं नाव घ्या: ‘मुलाखतीच्या सरावासाठी’, ‘निबंध तपासल्याबद्दल’. मग तुमच्याच कॅप्शनमध्ये खरं काय ते राहतं. आणि फोनवर कुणी ‘फोटो पाठवा’ म्हटलं तर लगेच पाठवू नका, संमती कशासाठी हवी ते लिहून मागा.

---

सदानंद_काका

हे चांगलं सांगितलंत, मला माहीत नव्हतं. पण मग क्लासचं नाव घेऊच नये ना? नाव घेतलं म्हणजे संमती दिल्यासारखंच झालं.

---

तिसरा_मजला

नाही काका, आपण आपल्या पोस्टीत आभार मानणं वेगळं आणि त्यांनी ते जाहिरातीत वापरणं वेगळं. संमती वेगळीच घ्यावी लागते. तरी तुमच्या मनात आलं तेच क्लासवाल्यांच्याही मनात येतं, म्हणून मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो की माणसाचं नाव घ्या, क्लासचं नको. सरांनी शिकवलं, पाटीने नाही.

---

अक्षरजुळणी

ही कॅप्शन एक्सवरही टाकणार असाल तर आधीच सांगतो. तिथे साध्या खात्याला २८० ची मर्यादा आहे, आणि देवनागरीत ती अपेक्षेपेक्षा लवकर संपते. कारण मोजणीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे वेगळे धरले जातात. ‘प्रयत्न’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सात होतात: प, हलन्त, र, य, त, हलन्त, न. ‘कृतज्ञता’ आठ खातो. म्हणजे जोडाक्षरांनी भरलेली भारदस्त मराठी लिहिली की जागा झपाट्याने जाते आणि साधी बोली मराठी जास्त मावते.

इन्स्टाग्रामला काळजी नाही, तिथे २,२०० भरपूर आहेत. फक्त ‘आणखी’ दाबायच्या आधी काय दिसतं ते पोस्ट करून स्वतःच्या फोनवर एकदा बघा. प्रत्येक फोनवर ती ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते.

---

निशांत_व

कितवा प्रयत्न हे लिहिण्याबद्दल काय ठरलं? बरेच जण आकडा टाकतात.

---

पूर्वरंग

मी टाकू नका म्हणेन, आणि त्याला कारण आहे. एक तर आकडा मोजायचा कसा हेच सगळ्यांना माहीत नसतं. यूपीएससीत पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलात तरी तो प्रयत्न धरतात. नुसता अर्ज भरला आणि गेला नाहीत तर धरत नाहीत. त्यामुळे ‘चौथा’ म्हणणाऱ्याला कुणीतरी येऊन ‘नाही, पाचवा’ म्हणतं.

दुसरं म्हणजे आकडा आला की तुलना सुरू होते. ‘हिला एवढे लागले, त्याला पहिल्यात झालं.’ कोणत्या टप्प्यावर अडकलात ते लिहिलं तर तुलना होत नाही, उलट वाचणारा आपला टप्पा त्यात शोधतो.

---

शुभदा_मावशी

मला हे पटलं नाही. माझ्या भाच्याने एका पोस्टीतला आकडा वाचूनच पुन्हा फॉर्म भरला. ‘तिला इतक्या वेळा लागलं तर मी दोनदात का थांबू?’ म्हणाला. आकड्याने कुणाला धीरही येतो.

---

मनवा

मावशी, धीर येतो हे खरं. पण तोच आकडा बघून कुणी वयाची मर्यादा येईपर्यंत दुसरा कुठलाच मार्ग न बघता बसलेलंही मी पाहिलंय. पोस्टी फक्त निवड झालेल्यांच्या असतात. तितकेच प्रयत्न करून बाहेर राहिलेले कॅप्शन लिहीत नाहीत, त्यामुळे आकडा एकाच बाजूने दिसतो.

---

शुभदा_मावशी

हं. त्या बाजूने मी विचार केला नव्हता. तरीही माझं मत रेवतीने ठरवावं असंच आहे, प्रयत्न तिचे आहेत.

---

रेवती_स

आकडा नको असंच मला वाटतंय. मावशी, तुमचं म्हणणं लक्षात ठेवते. कुणी खासगीत विचारलं तर सांगेनच.

दुसरा मसुदा लिहिला. दादाला त्याची ओळ वाचून दाखवली, तो म्हणाला चालेल.

> तात्पुरत्या निवड यादीत माझं नाव आलं आहे. आई, दादा, सर, हे तुमच्यामुळे घडलं आणि ते कसं, ते इथे लिहून ठेवते.
>
> आधी पूर्वपरीक्षेत राहिले, मग मुख्यमध्ये, मग मुलाखतीनंतर. दर निकालाला आईने घरात एकच नियम पाळला, कुणी ‘आता पुढे काय?’ विचारायचं नाही. मुख्य परीक्षेच्या दिवसांत घरची सगळी धावपळ दादाने एकट्याने उचलली आणि मला पेपर संपल्यावर सांगितलं. बाबांनी प्रत्येक केंद्रावर मला सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबले.
>
> सरांनी माझ्या प्रत्येक उत्तराचा पहिला परिच्छेद लाल पेनाने खोडला. प्रश्नाला थेट भिडायला मी त्यातून शिकले. मुख्यचे गुण तिथून वाढले.
>
> माझी उत्तरं सगळ्यात आधी जिने वाचली ती माझी मैत्रीण. या यादीत तिचाही हात आहे.
>
> पेपरात ओळखीचे दोन प्रश्न आले हे माझं नशीब. तेवढ्याच अभ्यासाने कितीतरी जण थोडक्यात बाहेर राहिले आहेत, हे मी त्यांच्यात बसून पाहिलं आहे. देवाची कृपा आहे. पडताळणी अजून व्हायची आहे, पुढचं कळवेन.

---

पूर्वरंग

आता ही तुमचीच आहे. बाबा आधीच्या मसुद्यात नुसते नावाला होते, आता दिसतात. दोन सूचना. ‘तुमच्यामुळे घडलं आणि ते कसं, ते इथे लिहून ठेवते’ यातलं शेवटचं काढा. ‘आई, बाबा, दादा, सर, हे तुमच्यामुळे’ एवढ्यावर थांबा. पहिल्या ओळीत बाबा राहिलेत, ते घ्या. आणि ‘यादीत तिचाही हात आहे’ ऐवजी ती काय करायची तेच लिहा, जसं सरांचं लिहिलंत.

---

मनवा

नशिबाची ओळ अशीच ठेव, एक अक्षरही बदलू नकोस. मैत्रिणीची ओळ मात्र तिला वाचून दाखवल्याशिवाय टाकू नकोस. नाव नसलं तरी तुमच्या गटाला कोण ते कळणारच.

---

जिज्ञासू_राही

मला उलट वाटतं. मी यादीत नसतो आणि माझ्या मित्राने माझा उल्लेखही केला नसता तर जास्त वाईट वाटलं असतं. दोघांनी रात्री-रात्री बसून केलेलं असतं ना. मी असतो तर म्हणालो असतो, नाव घाल आणि टॅगही कर.

---

मनवा

तू म्हणाला असतास, मी नसते म्हणाले. म्हणून तर तिला विचारायचं.

---

सदानंद_काका

‘देवाची कृपा आहे’ ही ओळ शेवटाकडे का? आमच्याकडे ती सुरुवातीला असायची. पण बाकी वाचून डोळे भरून आले, विशेषतः आईचा नियम.

---

रेवती_स

काका, पहिल्या दोन ओळी दिसतात असं कळलं म्हणून तिथे माणसं आधी घेतली. देव रागावणार नाही असं आई म्हणाली, तिने वाचलं आहे.

मैत्रिणीला फोन केला. बराच वेळ बोललो, निकालाबद्दल फार नाही. कॅप्शनची ओळ वाचून दाखवली. म्हणाली, ‘आज नको विचारूस, उद्या सांगते.’ त्यामुळे पोस्ट उद्यावर. ती ओळ राहील की जाईल ते तीच ठरवेल. राहिली तर पूर्वरंग म्हणतात तशी लिहीन: ‘मुख्यचं प्रत्येक उत्तर तिने वाचलं आणि समासात प्रश्नचिन्हं काढली, त्या प्रत्येक प्रश्नचिन्हाचं उत्तर मला शोधावं लागलं.’

---

शुभदा_मावशी

छान. आणि पोस्ट टाकल्यावर कमेंटमध्ये कुणी ‘कितवा अटेम्प्ट?’ विचारलंच तर काय लिहिणार?

---

रेवती_स

‘मेसेज करा, सांगते’ एवढंच. विचारणाऱ्यांत परीक्षा देणारा कोण आणि नुसतं कुतूहल असणारा कोण, ते मेसेज आल्यावर लगेच कळतं. परीक्षा देणाऱ्याला टप्प्यांसकट सगळं सांगेन.